गजकर्णाची कॅप्सूल आणि व्हिन्क्रिस्टीन : सत्तरीतल्या एका मुलाचे प्रकरण

मुलगा सहा वर्षांचा, वजन 18 किलो, उंची 112 सेंटिमीटर, घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. ऐन पावसाळ्यात ताप हटेना, अंगावर निळसर डाग उठले, रक्त तपासले तर पांढऱ्या पेशींत बहुतेक ब्लास्ट, म्हणजे अपक्व पेशी. निदान अॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग. हे प्रकरण एका विशिष्ट मुलाचे नाही. मी लहान मुलांच्या कर्करोग विभागात औषधांचे काम पाहते, तिथे पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते बांधले आहे. डोस, दिवस आणि लक्षणांचा क्रम मात्र प्रत्यक्षात असतो तसाच ठेवला आहे.

उपचाराचा पहिला टप्पा नेहमीचा. पहिला आठवडा नुसते प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, मग आठव्या दिवसापासून दर आठवड्याला व्हिन्क्रिस्टीन, जोडीला डॉनोरुबिसिन आणि एल-अॅस्परॅजिनेज. व्हिन्क्रिस्टीनचा डोस शरीराच्या पृष्ठभागावर ठरतो : दर चौरस मीटरला 1.5 मिलिग्रॅम, आणि माणूस कितीही मोठा असला तरी एका वेळी सहसा 2 मिलिग्रॅमच्या वर नाही. या मुलाचा पृष्ठभाग 0.75 चौरस मीटर भरला, म्हणजे डोस 1.1 मिलिग्रॅम. कुपीत औषध 1 मिलिलिटरला 1 मिलिग्रॅम असते, म्हणजे पूर्ण डोस साधारण वीस-बावीस थेंबांचा. ते आम्ही सिरिंजमध्ये ठेवत नाही, 50 मिलिलिटरच्या सलाइनच्या पिशवीत मिसळून शिरेतून सोडतो. कारण एवढेच की याच मुलांना पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शनही द्यावे लागते, आणि दोन सारख्या सिरिंज एका ट्रेमध्ये आल्या तर अदलाबदल होऊ शकते. व्हिन्क्रिस्टीन कण्यात गेले की जवळजवळ नेहमीच मृत्यू ओढवतो. पिशवी कुणी चुकूनही कण्यात टोचत नाही.

आठव्या दिवसाचा डोस मुलाने चांगला सोसला. दुसऱ्या दिवशी जबडा किंचित दुखला, एक दिवस शौचाला झाले नाही, एवढेच. पंधराव्या दिवशी रक्ताच्या काचपट्टीवर ब्लास्ट शोधूनही सापडेनात. त्यात प्रेडनिसोलोनचा वाटा मोठा, पण व्हिन्क्रिस्टीनचाही आहे. पुढे जे बिघडले तेही याच कामातून बिघडले, म्हणून ते काम आधी नीट पाहिले पाहिजे.

पेशीत ट्युब्युलिन नावाचे प्रथिन असते. त्याचे आल्फा आणि बीटा असे दोन भाग कायम जोडीने राहतात, आणि अशा जोड्या एकीवर एक चढत जाऊन सरळ पदर तयार होतो. सहसा असे तेरा पदर कडेला कडा लावून गोल बसले की एक सूक्ष्मनलिका होते, जाडी अवघी 25 नॅनोमीटर. या नलिकांचा स्वभाव विलक्षण आहे. त्यांचे टोक वाढत असते, वाढता वाढता अचानक कोसळते, आणि पुन्हा वाढू लागते. 1984 साली टिमोथी मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी हा खेळ दाखवून दिला. एरवी पेशीत तो सावकाश चालतो, पण विभाजनाच्या वेळी त्याचा वेग कैक पटीने वाढतो. त्याला कारण आहे. दोन ध्रुवांकडून निघालेल्या नलिकांना प्रत्येक गुणसूत्र शोधून दोन्ही बाजूंनी पकडायचे असते. नलिका वाढते, काही सापडले नाही तर कोसळते, दुसऱ्या दिशेला पुन्हा वाढते. हे शोधणे थांबले तर गुणसूत्रे पकडीत येत नाहीत, आणि आलेली ताणली जात नाहीत.

व्हिन्क्रिस्टीन जाऊन बसते ते नेमके एका जोडीचा बीटा आणि पुढच्या जोडीचा आल्फा यांच्या सांध्यात. व्हिन्ब्लास्टीन हे त्याचे सख्खे भावंड. त्याच्या बाबतीत 2005 साली स्फटिकरचनेत ही जागा स्पष्ट दिसली. तिथे रेणू शिरला की सांधा वाकतो. मंगळुरी कौलांच्या ओळीत दोन कौलांमध्ये खडा अडकला की पुढची ओळ तिरकी चढते, तसे ट्युब्युलिनचे पदर सरळ न राहता वळतात, आणि वळलेला पदर नलिकेत बसू शकत नाही. औषध भरपूर असले तर नलिका सुटून जातात आणि ट्युब्युलिनची वेटोळी उरतात. पुस्तकांत हेच चित्र असते, म्हणून विद्यार्थी ‘व्हिन्क्रिस्टीन नलिका तोडते’ एवढेच पाठ करतात. पण फार कमी औषध असतानाही, नलिका दिसायला जशाच्या तशा शाबूत असताना, पेशीचे विभाजन थांबते. मेरी अॅन जॉर्डन आणि लेस्ली विल्सन यांच्या प्रयोगांतून दिसले की नलिकेच्या वाढत्या टोकाशी एक-दोन रेणू बसले तरी त्या टोकाची हालचाल निम्म्यावर येते. टोक ना धड वाढत, ना कोसळत. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण औषधाचा परिणाम नलिका मोडण्यावर नाही तर तिचे टोक गोठण्यावर ठरतो, आणि त्याला फारच थोडे रेणू पुरतात.

पुढचे काम पेशी स्वतःच करते. विभाजन करणाऱ्या प्रत्येक पेशीत एक तपासनाका असतो. ज्या गुणसूत्राला नलिका लागलेली नाही त्याच्यावर मॅड2 सारखी प्रथिने जमतात आणि पुढे जायचा इशारा रोखून धरतात. एक गुणसूत्र जरी मोकळे राहिले तरी पेशी थांबते. निरोगी पेशी हा टप्पा साधारण तासाभरात उरकते. व्हिन्क्रिस्टीन लागलेली पेशी तिथेच तासन् तास अडकून पडते. या काळात तिला जिवंत ठेवणारी एमसीएल-1 सारखी प्रथिने झिजत जातात, आणि ती झिजली की पेशी आत्मनाशाकडे वळते. काही पेशी मात्र विभाजन अर्धवट सोडून, दुप्पट गुणसूत्रे घेऊन, नाक्यातून निसटतात. शिवाय ज्या दिवशी औषध दिले त्या दिवशी सगळ्याच ब्लास्ट विभाजनात नसतात. म्हणून डोस एकदा देऊन भागत नाही, दर आठवड्याला द्यावा लागतो, आणि सोबत विभाजनाशी देणेघेणे नसलेले प्रेडनिसोलोनही लागते.

आता अकराव्या दिवसाकडे वळू. पावसात कपडे वाळत नाहीत, अंगाला ओल राहते, आणि सत्तरीतच काय, सबंध गोव्यात जून ते सप्टेंबर गजकर्णाची रांग लागते. मुलाच्या कमरेला आणि जांघेत गोल चट्टे उठले होते, वडिलांनाही तेच. स्टिरॉइडमुळे मुलाचे चट्टे अधिकच फोफावले. घराजवळच्या एका डॉक्टरांनी दोघांनाही इट्राकोनाझोल लिहून दिले, मुलाला रोज 100 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल. मुलगा केमोथेरपीवर आहे हे त्यांना सांगितले होते, पण कुठल्या औषधावर हे ना त्यांनी विचारले, ना घरच्यांना ठाऊक होते. आमच्या कार्डावर सगळी नावे इंग्रजीत. त्या डॉक्टरांना दोष देण्यात मला फारसा रस नाही. हल्ली गजकर्ण साध्या मलमाला दाद देत नाही आणि इट्राकोनाझोल सर्रास दिले जाते.

पंधराव्या दिवशी दुसरा डोस ठरल्याप्रमाणे झाला. घरी कुठले औषध चालू आहे का, असे आम्ही विचारले, आणि आई म्हणाली, ‘नाही, तुमचीच.’ गजकर्णाची कॅप्सूल तिच्या लेखी औषधांत मोडत नव्हती, कातडीच्या तक्रारीत मोडत होती.

अठराव्या दिवशी पहाटे मुलाला झटका आला. दोन-तीन मिनिटांत थांबला. इस्पितळात आणले तेव्हा तो सुस्त होता, जबडा धरून रडत होता, पोट फुगून टरटरीत, आणि चार दिवस शौच नाही. पोटावर स्टेथोस्कोप ठेवला तर आतड्यांचा आवाज जवळजवळ नाहीच. रक्तातले सोडियम 121, जे 135 च्या वर असायला हवे. लघवी मात्र घट्ट, आणि तिच्यात सोडियम भरपूर जात होते. म्हणजे अंगात पाणी साठत होते आणि मूत्रपिंडाला पाणी सोडू नको असा हुकूम मिळत होता.

अशा मुलाच्या बाबतीत पहिला संशय वेगळ्या गोष्टींचा येतो, आणि यायलाच हवा. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना पोट फुगले तर आतड्याच्या उजव्या कोपऱ्यातला जंतुसंसर्ग आधी नाकारावा लागतो. ताप नव्हता, पण स्टिरॉइडवर ताप न येण्यावर भरवसा ठेवता येत नाही. सोनोग्राफीत आतड्याची भिंत पातळच निघाली, एक्स-रेत सगळीच वेटोळी हवेने फुगलेली आणि अडथळा कुठेच नाही. अॅस्परॅजिनेजमुळे स्वादुपिंड सुजते किंवा मेंदूतल्या शिरेत गुठळी होते, म्हणून लायपेज आणि मेंदूचा एमआरआय पाहिला; दोन्ही ठीक. कण्यातले पाणी स्वच्छ. मग निवासी डॉक्टरने हातोडी घेतली. गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल मंद, घोट्याची अजिबात नाही. दुसऱ्या दिवशी थोडा सावध झाल्यावर त्याला टाचांवर चालायला सांगितले, तर पंजे वर उचलेनात. जबडा, आतडे, सोडियम, घोटा या चार गोष्टी एकत्र आल्या की व्हिन्क्रिस्टीनखेरीज दुसरे नाव डोक्यात येत नाही. पण दोन डोसांत एवढे? तेव्हा आजीने प्लास्टिकच्या पिशवीतून कात्रीने कापलेली कॅप्सूलची एक पट्टी काढून दाखवली.

व्हिन्क्रिस्टीन शरीरातून जाते ते मुख्यतः यकृतातल्या सीवायपी3ए या विकरांच्या हातून, आणि मग पित्तावाटे. इट्राकोनाझोल हीच विकरे जखडून टाकते, शिवाय पेशीतून औषध बाहेर ढकलणारा पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंपही अडवते. तेव्हा पंधराव्या दिवशी आम्ही दिलेले 1.1 मिलिग्रॅम कागदावर 1.1 च राहिले, पण शरीरात ते ठरल्यापेक्षा जास्त काळ आणि जास्त प्रमाणात फिरत होते. किती जास्त, ते रोजच्या कामात मोजले जात नाही. या औषधाची रक्तातली पातळी बघून निदान होत नाही, ते हातोडीनेच होते.

मज्जातंतूंच्या पेशी विभाजित होत नाहीत, तरीही त्यांनाच इजा का व्हावी? कारण ट्युब्युलिन तेच आहे. मज्जापेशीत सूक्ष्मनलिका गुणसूत्रे ओढायला नसतात, लांबलचक तंतूतून माल वाहून न्यायला असतात. या मुलाच्या कण्यापासून पावलापर्यंतचा तंतू सुमारे अर्ध्या मीटरचा, आणि पेशीच्या मुख्य देहात तयार झालेले सामान नलिकांवरून मोटर प्रथिने वाहून नेतात. जलद वाहतूकही दिवसाला 200 ते 400 मिलिमीटर चालते, म्हणजे निरोगी अवस्थेतही पावलाला पोचायला दिवसाहून अधिक लागतो. नलिका विस्कटल्या की आधी सगळ्यात लांबचे टोक उपाशी पडते. म्हणून घोट्याची प्रतिक्षिप्त हालचाल सगळ्यात आधी जाते आणि मग पंजा लटकतो. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंमुळे आतडे थांबते, चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या मज्जातंतूमुळे जबडा दुखतो. सोडियम घसरते ते मेंदूतून येणाऱ्या पाणी राखणाऱ्या संप्रेरकाचे नियमन बिघडल्याने.

इथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. व्हिन्ब्लास्टीन आणि व्हिन्क्रिस्टीन यांच्या रेणूत फरक फक्त एका ठिकाणी आहे : एका नायट्रोजनवर पहिल्यात मिथाइल गट, दुसऱ्यात फॉर्माइल. बसण्याची जागा तीच. तरी व्हिन्ब्लास्टीन अस्थिमज्जेला दाबते आणि व्हिन्क्रिस्टीन मज्जातंतूंना. व्हिन्क्रिस्टीनची ट्युब्युलिनवरची पकड अधिक घट्ट, आणि कुठल्या पेशीत किती शिरते व किती वेळ टिकते यातही दोघांत फरक आहे. अस्थिमज्जेला फारसा धक्का देत नाही म्हणूनच ते ल्युकेमियाच्या पहिल्या टप्प्यात दर आठवड्याला देता येते.

उपचार दोन भागांत झाले. झटक्यासाठी 3 टक्के सलाइन, किलोला 3 मिलिलिटर या हिशेबाने 54 मिलिलिटर, पंधरा मिनिटांत. सोडियम 124 वर आले आणि झटका परतला नाही. त्यानंतर घाई नाही. सोडियम भराभर वाढवले तर मेंदूलाच इजा होते, म्हणून पहिल्या चोवीस तासांत 129 वर थांबलो आणि पाणी मोजून दिले. झटक्यांसाठी लेव्हेटिरॅसिटाम निवडले. फेनिटॉइन हाताशी असते, पण ते उलट टोकाचे : यकृताची विकरे वाढवते आणि पुढच्या डोसांत व्हिन्क्रिस्टीन लवकर संपवते, म्हणजे मग ब्लास्टवरचा मारा कमी पडायचा. पोटासाठी नाकातून नळी, तोंडाने काही नाही, आणि आतडे हलू लागल्यावर लॅक्ट्युलोज. दाखल झाल्यापासून सहाव्या दिवशी शौचाला झाले. इट्राकोनाझोल अर्थातच पहिल्या तासातच बंद केले होते, पण ते शरीरात रेंगाळते आणि विकरे मोकळी व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात.

आजीचे म्हणणे वेगळेच होते. तिला मधुमेह, आणि ती रोज सकाळी दारातल्या सदाफुलीची दोन-चार पाने चावते. नातवाचे औषध सदाफुलीतून निघते हे तिने कुठेतरी ऐकले होते. मला म्हणाली, ‘डॉक्टर, सुईचे सोसत नाही तर पानांचा रस देऊ का? तुळशीकडे भरून फुलली आहे.’ प्रश्न वेडगळ नव्हता. औषधाचा शोध याच वाटेने लागला. 1952 साली जमैकाहून आलेली सदाफुलीची पाने कॅनडातल्या रॉबर्ट नोबल यांच्याकडे त्यांच्या भावाने पाठवली, ती मधुमेहावरचा काढा म्हणून. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र कमालीच्या घटल्या, आणि त्यातून नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी 1958 पर्यंत व्हिन्ब्लास्टीन वेगळे काढले. पण पानात हे औषध इतके थोडे असते की 1 ग्रॅम व्हिन्क्रिस्टीन काढायला सुमारे दोन टन सुकी पाने लागतात. आजींना हिशेब करून दाखवला : नातवाच्या एका डोसाला दोन किलोंहून जास्त सुकी पाने, आणि तोंडाने घेतल्यावर त्यातले रक्तात किती जाईल याचा भरवसा नाही. उलट पानांत इतर अल्कलॉइड डझनांनी. रस देऊ नका म्हटले, आणि तुम्हीही पाने चावणे सोडा, साखरेची गोळी चालू ठेवा. पहिले तिने ऐकले.

खरा पेच डोसाचा होता. बावीसाव्या दिवशीचे व्हिन्क्रिस्टीन आम्ही दिले नाही, त्यावर कुणाचे दुमत नव्हते. आतडे थांबलेले असताना ते द्यायचे नसते. प्रेडनिसोलोन, डॉनोरुबिसिन आणि अॅस्परॅजिनेज चालूच होते. एकोणतिसाव्या दिवशी मात्र दोन मते पडली. एक म्हणे, मुलाने पुरते भोगले, आणखी आठवडा थांबा. दुसरे म्हणे, ओळीने दोन डोस गेले तर ल्युकेमियाला मोकळीक मिळते. त्याआधी एक गोष्ट तपासली : शार्को-मारी-टूथ नावाचा आनुवंशिक मज्जाविकार घराण्यात असेल तर व्हिन्क्रिस्टीन थोड्याच डोसांत असेच रूप दाखवते, आणि तो सापडला तर ते औषध पुन्हा द्यायचेच नसते. आईवडिलांना चपला काढायला लावून पावलांच्या कमानी पाहिल्या, घोट्याला हातोडी मारली. सगळे ठीक. दोष कॅप्सूलचाच होता, मुलाच्या नसांचा नव्हे. पोट साफ होते, सोडियम 138, बिलिरुबिन नेहमीचे. शेवटी निम्मा डोस, 0.55 मिलिग्रॅम दिला. तो निभावला. टप्पा संपल्यावर अस्थिमज्जेत उरलेल्या ब्लास्टचे प्रमाण 0.01 टक्क्यांच्या खाली निघाले, म्हणजे हवे तिथे. पुढच्या टप्प्यात डोस पुन्हा पूर्ण केला.

पंजा सावकाश आला. मज्जातंतू परत वाढतो तो दिवसाला मिलिमीटरभर, त्यामुळे इथे महिन्यांचाच हिशेब. रात्री घोट्याला पट्टी, रोज व्यायाम. चौथ्या महिन्यात तो टाचांवर चालला, उजवा पाय आधी, डावा मागाहून. घोट्याची प्रतिक्षिप्त हालचाल तेव्हाही आली नव्हती, पण तिच्यावाचून चालणे अडत नाही.

उरला प्रश्न गजकर्णाचा, कारण व्हिन्क्रिस्टीन पुढच्या टप्प्यांतही अधूनमधून असतेच, आणि तोवर आणखी पावसाळे येणार. कार्डाच्या पहिल्या पानावर आता मराठीत लिहिले आहे : इट्राकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, केटोकोनाझोलची गोळी, क्लॅरिथ्रोमायसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, यांपैकी काहीही आम्हाला विचारल्याशिवाय नको. मुलाच्या चट्ट्यांना टर्बिनाफिनचे मलम दिले, कारण मलमातून रक्तात जाते ते नगण्य. वडिलांनी मात्र आपल्या कॅप्सूल पूर्ण केल्या, ते व्हिन्क्रिस्टीनवर नाहीत. घरात एकाला गजकर्ण राहिले तर ते टॉवेलातून मुलाला पुन्हा होणार, म्हणून सगळ्यांचे टॉवेल वेगळे केले, आणि मुलाचे कपडे चुलीवरच्या मांडवावर वाळवायला आजीने घेतले.